दोन गोळ्यांच्या तीन कधी करायच्या: तीन वर्षांच्या एका मुलीच्या टीबी उपचाराचं प्रकरण

दसरा होऊन चार दिवस झाले होते. ऑक्टोबर २०२५चा पहिला सोमवार. औषधं न्यायला आलेली ती मुलगी माझ्या टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकवून उभी होती आणि स्टेथोस्कोप ओढू पाहत होती. जूनमध्ये आईने तिला कडेवर घेऊन आणलं होतं, तेव्हा ती आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. आता तिच्या फ्रॉकची काखेतली शिवण उसवली होती. आजी कौतुकाने म्हणाली, "मॅडम, पोरीने बाळसं धरलंय बघा."

माझ्यासमोर तिचं उपचार कार्ड उघडं होतं. वजनाच्या रकान्यात लिहिलं होतं: जून १०.६, जुलै १०.८, ऑगस्ट १०.८, सप्टेंबर १०.८. कार्ड म्हणत होतं की मुलगी तीन महिने जिथल्या तिथे आहे. उसवलेली शिवण वेगळंच सांगत होती.

मी नवी मुंबईतल्या एका नागरी आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. रेल्वेलाइनच्या पूर्वेला, एमआयडीसीच्या मागे डोंगराला टेकून ज्या वस्त्या चढत गेल्या आहेत, तिथली माणसं आमच्याकडे येतात. हे प्रकरण मी लिहून ठेवते आहे, कारण यात कुणी औषध चुकवलं नाही, कुठे साठा संपला नाही, निदानही बरोबर होतं. तरीही एक गोष्ट महिनाभर आमच्या हातून निसटली, आणि निसटली ती मुलगी बरी होत होती म्हणूनच. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील थोडे बदलले आहेत.

मे महिन्यात मुलीच्या वडिलांच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले. ते गोदामात कामाला आहेत. घर एका खोलीचं, त्यात आजी, आईवडील, ही तीन वर्षांची मुलगी आणि सात महिन्यांचा धाकटा भाऊ. वडिलांचं निदान झाल्यावर घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. मुलीला तीन आठवड्यांपासून संध्याकाळी बारीक ताप येत होता, जेवण तुटलं होतं आणि अंगणवाडीच्या नोंदीत तीन महिने वजन वाढलेलं नव्हतं. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसाच्या मुळाशी गाठी वाढलेल्या दिसल्या. एवढ्या लहान मुलांना थुंकी काढून देता येत नाही, ती गिळली जाते. म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातलं पाणी काढून सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवलं. टीबी निघाला, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा नव्हता. धाकट्याची तपासणी स्वच्छ आली. त्याला टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक आयसोनियाझिड सुरू केलं.

मुलीचं उपचाराचं गणित नेहमीचं होतं: पहिले ५६ दिवस चार औषधं, पुढचे ११२ दिवस तीन. लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणारी एकत्र गोळी मिळते. पहिल्या टप्प्यातल्या एका गोळीत आयसोनियाझिड ५० मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन ७५ आणि पायराझिनामाइड १५० असतं. दुसऱ्या टप्प्यात पायराझिनामाइड जातं, बाकी दोन तेवढीच राहतात. एथाम्ब्युटॉलची १०० मिलिग्रॅमची गोळी वेगळी, जितक्या एकत्र गोळ्या तितक्याच या. किती द्यायच्या ते वजनगटावरून ठरतं. चार ते सात किलोला एक, आठ ते अकराला दोन, बारा ते पंधराला तीन, सोळा ते चोवीसला चार. त्यापुढे मोठ्यांच्या गोळ्या मिसळाव्या लागतात, तो विषय इथे नाही. मुलगी १०.६ किलोची, म्हणजे दोन आणि दोन.

या गटांच्या मागे किलोमागे मोजलेली मात्रा आहे. मुलांना रिफाम्पिसिन किलोमागे १५ मिलिग्रॅम लागतं, १० ते २० चालतं. आयसोनियाझिड १० लागतं, ७ ते १५ चालतं. एथाम्ब्युटॉल २०, चालतं १५ ते २५. या मात्रा किलोच्या हिशोबाने मोठ्यांपेक्षा जास्त आहेत, कारण लहान मुलांचं शरीर ही औषधं लवकर बाहेर टाकतं आणि रक्तात तेवढी पातळी गाठायला जास्त द्यावं लागतं. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या मात्रा वाढवल्या त्या याच कारणासाठी. आमच्या मुलीला जूनमध्ये दोन गोळ्यांतून रिफाम्पिसिन दीडशे मिलिग्रॅम जात होतं, म्हणजे किलोमागे १४.२. अगदी हवं तेवढं.

आता त्या रकान्याकडे येते.

जुलैचं वजन खरं होतं, मुलगी स्वतः आली होती. पहिल्या महिन्यात दोनशे ग्रॅमच वाढली. ताप गेला होता आणि भूक नुकती लागू लागली होती, त्यामुळे त्यात काळजीचं काही नव्हतं. ऑगस्टच्या फेरीला मुसळधार पाऊस होता आणि गोळ्या न्यायला वडील एकटेच आले. त्यांच्या स्वतःच्याही गोळ्या न्यायच्या होत्याच. टप्पा बदलायचा दिवस तोच होता. मुलीची पहिल्या टप्प्याची औषधं बंद होऊन दुसऱ्या टप्प्याची सुरू झाली, आणि ती मात्रा लिहिली गेली जुलैच्या वजनावर. नंतर गणपती. घर कोकणातलं, सगळे गावी जाणार, म्हणून सप्टेंबरच्या गोळ्या आधीच देऊन टाकल्या. तेव्हाही मुलगी केंद्रात आली नव्हती. रकाना मात्र दोन्ही वेळा भरला गेला. मागचं वजन पुढे उतरवलं.

ज्या सहकाऱ्याने ते उतरवलं तिला मी विचारलं. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, "मॅडम, रिकामं ठेवलं की वरून विचारणा होते. आणि पाच किलो वाढल्याशिवाय डोस बदलत नाही ना आपण?" तिच्या या एका वाक्यात दोन चुका होत्या. रिकाम्या रकान्यामुळे निदान प्रश्न तरी उठतो. खोट्या आकड्याने भरलेला रकाना तो प्रश्नच मिटवून टाकतो. दोन्ही वेळा मी सही केली होती, तेव्हा ही चूक जेवढी तिची तेवढीच माझी.

दुसरी चूक, पाच किलोंची, जास्त खोलवर रुजलेली आहे. टीबीच्या कामात मोठ्या माणसांसाठी हा नियम सगळ्यांच्या तोंडपाठ असतो: उपचारादरम्यान वजन पाच किलोंनी वाढलं किंवा उतरलं आणि त्याने गट ओलांडला, तर मात्रा बदलायची. मोठ्यांना तो ठीक आहे. पन्नास किलोच्या माणसाचं वजन दोन किलोंनी इकडेतिकडे झालं तर किलोमागची मात्रा जेमतेम चार टक्क्यांनी हलते. पण १०.६ किलोच्या मुलीला दोन किलो म्हणजे तिच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. ती पाच किलो वाढण्याची वाट पाहत बसलो तर सहा महिन्यांचा उपचार संपून जाईल आणि नियम एकदाही लागू होणार नाही. लहान मुलाच्या बाबतीत प्रश्न किती किलो वाढलं हा नसतो. या महिन्याचं वजन कोणत्या गटात बसतं, एवढंच पाहायचं असतं, आणि तेही दर महिन्याला.

सोमवारी मी मुलीला वजनकाट्यावर उभं करायला सांगितलं. आधी ती जुन्या तबकडीच्या काट्यावर चढली. सुई हलत होती, मुलगी त्याहून जास्त हलत होती. आकडा आला १३.२. पायात चप्पल, हातात बांगड्या, चांदीचे पैंजण, दसऱ्याचा जाड फ्रॉक. हा आकडा लिहायचा नव्हता. सगळं उतरवून, पातळ शमीजवर तिला डिजिटल काट्याकडे नेलं, तर तिने भोकाड पसरलं. मग आईला कडेवर घेऊन उभं केलं. आई आणि मुलगी मिळून ६०.१, एकटी आई ४७.४. मुलगी १२.७.

आईला घेऊन वजन करण्याची ही रीत सोयीची आहे, पण तिची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. यात दोन आकड्यांची वजाबाकी होते, त्यामुळे दोन्ही आकड्यांमधली चूक एकत्र येते. आमचा डिजिटल काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो, तिथे हे चालतं. अर्ध्या किलोच्या खुणा असलेल्या तबकडीवर हीच वजाबाकी केली तर मूल सहज अर्धा-पाऊण किलो जड किंवा हलकं निघेल, आणि ११.६चं बारा होईल किंवा १२.३चं साडेअकरा. तबकडीचा काटा किती खरा बोलतो ते पाहायला मी शेजारच्या वाण्याकडून शिक्क्याचं पाच किलोचं वजन मागून आणलं. तबकडीने ५.३ दाखवले, डिजिटलने ५.०. त्या दिवसापासून तबकडीचा काटा मुलांसाठी वापरायचा नाही असं ठरलं.

गटाच्या सीमेबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण इथे नेहमी घोळ होतो. तक्त्यावर आठ ते अकरा आणि बारा ते पंधरा असं छापलेलं असतं. मग ११.६ कुठे? काही जण जवळचा पूर्ण आकडा म्हणून बारा धरतात. तसं करायचं नसतं. आठ ते अकराचा अर्थ आठ पूर्ण ते बाराच्या आत. ११.९लाही दोनच गोळ्या. बारा पूर्ण झाले की तीन. सीमेवरचं मूल असेल तर मी तिथल्या तिथे दुसऱ्यांदा वजन करायला सांगते, कारण तिथे दोनशे ग्रॅमवरही गोळी बदलते.

१२.७ला दोन गोळ्या म्हणजे रिफाम्पिसिन किलोमागे ११.८, आयसोनियाझिड ७.९, एथाम्ब्युटॉल १५.७. तिन्ही आकडे चालतं त्या मर्यादेच्या आतच होते, पण तिन्ही खालच्या कडेला येऊन टेकले होते. त्यात हा दुसरा टप्पा. पायराझिनामाइड आधीच बंद झालेलं, सगळा भार याच औषधांवर. आणि अजून दोन महिने बाकी, म्हणजे मुलगी आणखी वाढणार आणि आकडे आणखी खाली सरकणार. तीन गोळ्या केल्यावर रिफाम्पिसिन १७.७, आयसोनियाझिड ११.८, एथाम्ब्युटॉल २३.६. गट बदलला की आकडे असे एकदम वरच्या अंगाला जातात आणि मूल वाढत जाईल तसे हळूहळू मधोमध येतात. वजनगटांची रचनाच तशी आहे, त्यामुळे वरचा आकडा पाहून दचकण्याचं कारण नाही. दचकायचं असेल तर गट ओलांडूनही जुन्याच मात्रेवर राहिलेल्या मुलाकडे पाहून.

सीमा कधी ओलांडली, हे शोधायला मी अंगणवाडीत विचारलं. तिथे दर महिन्याला वजन होतं. ऑगस्टच्या मध्याला ११.५ नोंदलं होतं, सप्टेंबरला मुलगी गावी. ऑगस्ट ते ऑक्टोबर ती एकसारखी वाढली असं धरलं, तर बारा किलो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाले असावेत, म्हणजे गावी असताना गणपतीच्या आसपास. तेव्हापासून ती साधारण महिनाभर कमी गोळ्यांवर होती. ऑगस्टमध्ये खोटं वजन लिहिलं गेलं, तेव्हा मात्रा मात्र बरोबरच राहिली, कारण ११.५ला दोनच गोळ्या. ती चूक त्या दिवशी कुणाला बाधली नाही, आणि म्हणूनच ती कुणाच्या नजरेलाही आली नाही. तिचं ओझं पुढच्या महिन्यावर पडलं.

आता उपचाराची मुदत वाढवायची का, हा प्रश्न होता. मी आमच्या भागातल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलले. एकही दिवस औषध चुकलेलं नव्हतं, किलोमागची मात्रा मर्यादेखाली कधी गेली नव्हती, ताप नाही, खोकला नाही, भूक चांगली, वजन वाढतंय. तेव्हा मुदत तीच ठेवायची, मात्रा उद्यापासून वाढवायची, आणि शेवटी एक्स-रे आणि तपासणी नीट पाहायची, असं ठरलं. हाच महिना पहिल्या टप्प्यात गेला असता किंवा किलोमागचे आकडे मर्यादेखाली उतरले असते, तर उत्तर कदाचित वेगळं असतं.

खरी अडचण गणितात नव्हती. ती आजीशी बोलताना समोर आली.

"पोर बाळसं धरतंय नि तुम्ही औषध वाढवताय?" आजी म्हणाली. "आजार वाढला तर औषध वाढवतात. ही तर बरी होतेय. उलट कमी करा की."

आजीचं म्हणणं सरळ होतं आणि घरोघरी हेच म्हणणं असतं. तापाचं औषध ताप उतरला की कमी होतं. खोकल्याचं बंद होतं. मग बऱ्या होणाऱ्या मुलाला जास्त गोळ्या का? आईच्या मनात वेगळी भीती होती, ती तिने हळूच सांगितली: तीन गोळ्या गरम पडतील, लिव्हरला होईल. मी बरीच वर्षं किलोमागे मिलिग्रॅम अशा भाषेत समजावत आले आणि समोरच्या डोळ्यांत काही उमटत नाही हे पाहत आले. त्या दिवशी मी आजीला विचारलं, "आजी, जूनमध्ये घेतलेला फ्रॉक आता तिला होतो का?" आजीने उसवलेली शिवण दाखवली. "मग फ्रॉक मोठा घ्याल की नाही? का पोरगी बरी झाली म्हणून लहान घ्याल?" आजी हसली. पुढे मी एवढंच म्हणाले, "गोळी अंगाच्या मापाने द्यायची असते. माप वाढलं. आजार नाही वाढला. दोन गोळ्या तिला जूनमध्ये जेवढ्या पुरत होत्या, तेवढ्याच पुरायला आता तीन लागतात." तेवढ्याने आजीचं समाधान झालं. आईचं व्हायला आणखी आठवडा लागला.

नवीन मात्रेने २८ दिवसांच्या ८४ एकत्र गोळ्या आणि ८४ एथाम्ब्युटॉल होतात. जुन्या हिशोबाने ५६ दिल्या असत्या तर अठरा दिवसांनी गोळ्या संपल्या असत्या, किंवा संपू नयेत म्हणून आईने दिवस एकेकीवर ढकलले असते. मात्रा बदलताना गोळ्यांचा साठा मोजून द्यायचा असतो, हे आधी एकदा दुसऱ्या घराच्या बाबतीत ठेच लागून कळलं होतं, म्हणून या वेळी विसरले नाही. दुसरी गोष्ट मात्र विसरले.

शुक्रवारी आमची आरोग्यसेविका घरभेटीला गेली आणि स्टीलच्या डब्यातल्या गोळ्या मोजल्या. सोमवारची मात्रा सकाळीच जुन्या गोळ्यांतून झालेली होती. मंगळवार ते शुक्रवार चार दिवस, रोज तीन, म्हणजे बारा जायला हव्या होत्या आणि ८४पैकी ७२ उरायला हव्या होत्या. डब्यात ७६ होत्या. मुलगी चारही दिवस दोनच घेत होती.

आई खोटं बोलली नव्हती. रोज सकाळी समोर औषध घेतल्याची नोंद करणाऱ्या आशाताईंच्या वहीत "२+२" होतं. रुग्णाकडे राहणाऱ्या कार्डावरही "२+२"च होतं. मी केंद्रातलं कार्ड बदललं, निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर वजन आणि मात्रा बदलली, आईला तोंडी सांगितलं, आणि समजले की काम झालं. आईने मंगळवारी तीन गोळ्या काढल्या, तेव्हा आशाताई म्हणाल्या, "अगं, दोनच लिहिल्यात. मॅडमना विचारून घेऊ आधी." त्यांनी सावधपणे केलं ते बरोबरच होतं. लिहिलेल्यावर विश्वास ठेवायला आम्हीच तर शिकवतो. मधल्या दिवसांत त्यांना माझा फोन लागला नाही आणि दोनच गोळ्या चालू राहिल्या.

तेव्हापासून मात्रा बदलली की चार ठिकाणी बदलायची: केंद्रातलं कार्ड, घरचं कार्ड, आशाताईंची वही आणि गोळ्यांचा डबा. डब्याच्या झाकणावर मार्करने गोळीएवढी तीन वर्तुळं काढतो, आईने रोज त्यावर गोळ्या मांडायच्या आणि मग विरघळवायच्या. जुन्या आकड्यावर नुसती काट मारून भागत नाही. शेजारी तारीख, नवं वजन आणि सही हवी, म्हणजे वहीवाल्याला कळतं की ही चूक नाही, बदल आहे. आशाताईंना त्याच दिवशी मी स्वतः फोन करते.

शनिवारपासून तीन गोळ्या सुरू झाल्या. सोमवारी सकाळी आईचा फोन. आवाजात कापरं होतं. "मॅडम, लघवी लाल-पिवळी झालीय. कावीळ झाली. मी म्हणत होते ना." मी विचारलं, डोळ्यांतला पांढरा भाग कसा आहे? पांढरा. उलटी? नाही. जेवली का? पोळी-भाजी खाल्ली, आता खेळतेय. पोट दुखतं म्हणते का? नाही. हा रिफाम्पिसिनचा रंग. नारिंगी लघवी जूनमध्येही होत होती, आईच्या लक्षात नव्हतं, आता गोळी वाढली आणि नजर तिथेच लागून राहिली. तरीही मी संध्याकाळी मुलीला बोलावून दिवसाउजेडी डोळे पाहिले, यकृत हाताला लागतं का ते पाहिलं. आईला सांगितलं तेच इथेही लिहिते: नारिंगी लघवी एकटी आली तर घाबरायचं नाही. पण मूल जेवायचं बंद झालं, पुन्हा पुन्हा उलट्या व्हायला लागल्या किंवा डोळे पिवळे झाले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी केंद्रात आणायचं. मात्रा वाढवली त्याच दिवशी हे सांगायला हवं होतं. रंगाबद्दल बोलले असते तर आईची ती रात्र भीतीत गेली नसती.

आणखी एक प्रश्न आमच्या मासिक बैठकीत निघाला, तो रास्त होता. वजन वाढलं की गोळी वाढवायची, मग उतरलं की लगेच कमी करायची का? माझं उत्तर असं की वजन उतरणारं मूल आधी डॉक्टरसमोर यायला हवं, तक्ता त्यानंतर. टीबीच्या उपचारात दोन महिने झाले आणि मूल वाढत नाही किंवा उतरतंय, तर औषध पोटात जात नाही, निदानात काही राहिलं, औषध लागू पडत नाही, किंवा जुलाब-गोवरासारखं दुसरं काही झालं, यापैकी काहीतरी असतं. तिथे गोळी कमी करून हिशोब जुळवला, तर खरं कारण मागेच राहतं. कारण शोधल्यावर आणि काटा पुन्हा तपासल्यावर वजन खरोखर खालच्या गटात बसत असेल, तर मात्रा त्याप्रमाणे. आणि याच कारणासाठी सप्टेंबरचा तो "१०.८" मला आजही बोचतो. आकडा खरा असता तर तीन महिने न वाढलेलं मूल समोर होतं, आणि कुणीतरी थांबून विचारायला हवं होतं. खोटा असल्यामुळे वाढलेलं मूल समोर होतं, आणि गोळी वाढवायला हवी होती. दोन्ही बाजूंनी त्या आकड्याने काहीतरी करायला सांगितलं होतं, आणि आम्ही तो वाचलाच नाही.

नोव्हेंबरमध्ये मुलगी १३.२ भरली, या वेळी खऱ्या काट्यावर, शमीजवर, न रडता. डिसेंबरच्या सुरुवातीला शेवटच्या गोळ्या संपल्या तेव्हा १३.६. तीन गोळ्यांतून रिफाम्पिसिन किलोमागे १६.५. एक्स-रेत गाठी बऱ्याच आक्रसल्या होत्या. गाठी पूर्ण जायला उपचार संपल्यावरही वेळ लागू शकतो, म्हणून उरलेल्या सावलीवरून औषध लांबवलं नाही. पुढची दोन वर्षं ती अधूनमधून तपासणीला येईल.

ऑक्टोबरच्या त्या सोमवारचं एक राहिलं. सगळे निघाले होते, आजीने चप्पल घातली होती, आणि धाकटा तिच्या कडेवर झोपला होता. त्याला आजार नाही, म्हणून त्याचं कार्ड टेबलावर कुणी काढलंच नव्हतं. त्याच्याही प्रतिबंधक गोळीची मात्रा किलोमागेच असते, दहा मिलिग्रॅम, आणि एवढं लहान बाळ तर तीन वर्षांच्या मुलीपेक्षा भराभर वाढतं. जूनमध्ये तो ६.९ होता. मी आजीला परत बोलावलं. झोपेतच त्याचं टोपडं, स्वेटर, लंगोट काढला आणि पाळण्याच्या काट्यावर ठेवला. ८.४.

त्याची मात्राही त्याच दिवशी बदलली.